गुरुत्वाकर्षण आहे, तरी अंतराळवीर तरंगतात कसे?

चौकस आई: लेकीला सांगितलं, अवकाशस्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून शुभांशू शुक्ला तरंगत होते. ती म्हणाली, मग स्थानक पृथ्वीभोवती फिरतं कशाला, निघून का जात नाही? काय सांगू?

रानवाटा: लेक बरोबर आहे. स्थानक सुमारे 400 किमी वर आहे, म्हणजे मुंबई-कोल्हापूर रस्त्याएवढं. तिथली ओढ जमिनीवरच्या जवळपास 89 टक्के. तेवढा उंच मनोरा बांधून 60 किलोचा माणूस वर काट्यावर उभा केला, तर काटा 53 दाखवेल. तो तरंगणार नाही.

उंबरठा: मग फरक अपकेंद्री बलाचा. फिरण्यामुळे ते बाहेर ढकलतं आणि ओढीला छेद देतं. शाळेत असंच शिकलोय.

रानवाटा: स्थानकात बसून हिशेब केला तर तसं म्हणता येतं. पण बाहेरून बघा. दोन्ही बलं खरंच एकमेकांना खाऊन टाकत असती, तर स्थानक सरळ रेषेत निघून गेलं असतं. ते वळतं, कारण ओढ एकटीच आहे.

एक सेकंद घ्या. तेवढ्यात स्थानक पृथ्वीकडे सुमारे 4.3 मीटर पडतं. पण त्याच सेकंदात 7.66 किमी पुढेही जातं, आणि तेवढ्या अंतरात गोल पृथ्वीचा पृष्ठभागही 4.3 मीटरच खाली वळलेला असतो. त्यामुळे पडूनही जमीन जवळ येत नाही. माणूस, चमचा, भिंत सगळे सारख्याच वेगाने पडतात, म्हणून कोणी कोणावर टेकत नाही. आपल्याला वजन जाणवतं ते जमीन पायांना वर रेटते म्हणून.

सातवा मजला: आमची लिफ्ट झटक्यात खाली सुटते तेव्हा पोटात गोळा येतो. यांना महिनोन्‌महिने तसंच वाटतं?

रानवाटा: पहिले दोन-तीन दिवस अनेकांना मळमळतं, मग शरीर सरावतं. लिफ्टचा झटका क्षणाचा, यांचं पडणं थांबतच नाही.

गावाकडचा: तिथे हवा नाही, म्हणून तरंगतात. सोपं आहे.

रानवाटा: आत हवा आहे, दाबही आपल्याकडच्यासारखाच. हातातून सुटलेली वस्तू बऱ्याचदा त्या हवेबरोबर वाहत जाऊन हवा आत ओढणाऱ्या झरोक्याच्या जाळीवर सापडते. आणि कक्षा उंचावायला इंजिन पेटवलं की तरंगणारे सगळे हळूहळू मागच्या भिंतीकडे सरकतात. तेवढा वेळ भिंत नुसती पडत नसते ना, तिला इंजिन ढकलत असतं.

उंबरठा: पटलं. तरी मुलांना ‘शून्य गुरुत्व’ म्हणायला हरकत नाही, शब्द रुळलाय.

रानवाटा: माझी आहे. याच शब्दामुळे लेकीचा प्रश्न अडला. ‘वजनरहित’ म्हणा.

उंबरठा: त्यालाही मुलं ‘ओढ नाही’ असंच समजतील.

चौकस आई: मग तिला काही दाखवता येईल का?

रानवाटा: प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी भोक पाडा, पाणी भरा, झाकण उघडं ठेवा. धार लागली की जिन्यावरून खाली सोडा. पडताना धार थांबते. खाली कोणी नाही, एवढं बघून घ्या.