क्विझने 'पित्त प्रकृती' सांगितलं, मग जेवण जड का होतं?

डोंबिवलीकर: ऑनलाइन क्विझमध्ये पित्त प्रकृती आली. ऍसिडिटी आहेच, म्हणजे माझा अग्नी तेज, म्हणून रोज रात्री थंड दूध घेतो. पण दोन पोळ्या खाल्ल्या तरी पोट दगड होतं, आंबट ढेकर चालूच, भूक नाही. असं कसं?

लोअरपरळ_लोकल: पित्त म्हणजेच अग्नी, त्यामुळे तेजच असणार. लोकलच्या वेळेत भराभर खाता म्हणून होतं, दूध चालू ठेवा.

वैद्य_दादर: पित्त आणि अग्नी इतके सरळ एक नाहीत. अग्नी पित्तात राहतो हे बरोबर, पण पित्ताला उष्णतेबरोबर पातळपणाही असतो, आणि तो वाढला की अग्नी उलट विझतो. चरकाच्या ग्रहणी अध्यायात हेच आहे, तापलेलं पाणी गरम असलं तरी आग विझवतंच. अग्नी खरंच तीक्ष्ण असता तर जड जेवणही झटकन पचून परत भूक लागली असती, आणि पचल्यावर घसा कोरडा पडून आग झाली असती. तुमचं थोडंसं खाऊनही जड होतंय, म्हणजे मला तरी हा मंदाग्नी वाटतो. त्यावर रात्रीचं थंड दूध म्हणजे अजून जडपणा. आधीचं जेवण पचून ढेकर स्वच्छ येते का, अंग हलकं वाटून भूक लागते का ते बघा आणि त्यानंतरच जेवा.

आणि प्रकृती जन्मापासूनची असते, आजची ऍसिडिटी बघून ती ठरत नाही. कफाच्या माणसालाही अम्लपित्त होतं.

चेंबूरची_मावशी: माझ्या सुनेला ऑक्टोबर आला की अंगावर पित्त उठतं, गांधी येतात, तिने काय खावं?

वैद्य_दादर: मावशी, ते वेगळं दुखणं, वेगळा धागा काढा. ऑक्टोबरचं म्हणाल तर पावसाळ्यात पित्त साठतं आणि शरदाच्या उन्हात उसळतं असं ग्रंथात आहे. पावसाळ्यात अग्नीही मंदच असतो, आणि आपण नेमकी तेव्हाच भजी खातो.

संशयी_बोरिवली: ऐकायला छान आहे पण मला दोन वैद्यांनी दोन प्रकृती सांगितल्या, एकाने वात-पित्त, दुसऱ्याने कफ. ना रक्ततपासणी ना आकडा, मग क्विझमध्ये आणि तुमच्यात फरक काय?

वैद्य_दादर: आक्षेप रास्त आहे. प्रकृती ठरवताना वैद्यांचं एकमत होत नाही असं बऱ्याचदा होतं, विशेषतः माणूस आजारी असताना, कारण आजाराची लक्षणंच प्रकृतीत मोजली जातात. म्हणून मी आधी अग्नी बघतो, तो निदान रोजच्या भुकेवरून आणि पोटावरून पडताळता येतो.

संशयी_बोरिवली: पडताळणारे पण तुम्हीच ना! डोंबिवलीकर, गिळताना अडकत असेल, वजन उतरत असेल किंवा शौच काळं होत असेल तर अग्नी-बिग्नी सोडा आणि डॉक्टरकडे जा.

वैद्य_दादर: हे मात्र शंभर टक्के, यात वाद नाही.

डोंबिवलीकर: तसं काही नाहीये. आज दूध बंद. पण मग क्विझमध्ये 'घाम जास्त येतो का'ला हो म्हटलेलं, मुंबईत कोणाला येत नाही?