ऑफिसच्या ग्रुपवर ७ दिवसांचा टायमर: ठेवायचा की काढायचा?

लेजरवाली: आमचं ९ जणांचं सीए ऑफिस. क्लायंटचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट सगळं व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं म्हणून सरांनी ७ दिवसांचं डिसअपिअरिंग लावलंय. मला पटत नाहीये. तुमच्याकडे काय करता?

थर्ड_इयर_आर्टिकल: बरोबर केलंय की सरांनी, क्लायंटची माहिती बाहेर गेली तर सीएवरच मिसकंडक्टची केस होते, ७ दिवसांनी सगळं साफ, टेन्शन संपलं.

जुना_ऑडिटर: साफ कुठे होतं रे. टायमर लावायच्या आधीचे मेसेज तसेच राहतात. ऑटो डाउनलोड चालू असेल तर आधारचा फोटो शिकाऊ आर्टिकलच्या गॅलरीत, बारशाच्या फोटोंशेजारी. पुढे फॉरवर्ड केलेला मेसेजही टायमर नसलेल्या चॅटमध्ये राहतो. टायमर म्हणजे केर काढणं झालं, कुलूप नव्हे.

मुलुंडकर: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण लावलाय, मेंटेनन्सची भांडणं आपोआप मिटतात 😄

लेजरवाली: हे क्लायंटचं चाललंय हो काका. आमच्याकडे काय झालं ते सांगते. एका व्यापाऱ्याने व्याजाच्या सर्टिफिकेटचा फोटो टाकला, रिटर्नमध्ये १८,४०० गेलं, आयकर खात्याच्या एआयएसमध्ये ८१,४००. ६३,००० च्या फरकावर नोटीस आली तेव्हा तो म्हणतो मी बरोबर पाठवलं होतं, आमच्या ऑफिसातला मुलगा म्हणतो फोटोत १८,४००च होतं, आणि फोटो तर कधीच उडालेला.

थर्ड_इयर_आर्टिकल: पण एआयएस बघितलं नव्हतं का भरताना?

लेजरवाली: नाही बघितलं. चूक आमची, मान्य.

जुना_ऑडिटर: म्हणूनच ग्रुप म्हणजे फाइल नाही. आमच्याकडे नियम असा की कागद ग्रुपवर आला की ज्याचं काम आहे त्याने त्याच संध्याकाळी क्लायंटच्या फोल्डरमध्ये टाकायचा, आणि आकड्याला होकार हवा असेल तर मेलवरच घ्यायचा, मग टायमर खुशाल ७ दिवसांचा ठेवा. ऑडिटचे वर्किंग पेपर तर रिपोर्टच्या तारखेपासून ७ वर्षं ठेवावे लागतात, तिथे ७ दिवस कोण ऐकतो! मेसेज ‘कीप’ करता येतो, पण पाठवणाऱ्याने नको म्हटलं की गेला, त्यामुळे त्यावर विसंबू नका. आणि नोटीस आली की त्या दिवशीच टायमर बंद. नंतर मेसेज उडाले तर मुद्दाम पुरावा घालवला असं दिसतं.

थर्ड_इयर_आर्टिकल: संध्याकाळी? ३१ जुलैच्या आठवड्यात रात्री ११ ला घरी जातो आम्ही, फोल्डर कधी करायचं सर?

जुना_ऑडिटर: तेव्हाच तर आकडे चुकतात.

लेजरवाली: आणि सोडून गेलेल्या मुलाच्या स्वतःच्या फोनमधल्या गॅलरीचं काय? ऑफिसचा फोन द्या म्हटलं तर सर म्हणतात परवडत नाही.

थर्ड_इयर_आर्टिकल: माझ्यात पण असतील मग… बघतो आत्ता.