नवीन माणसाला दोन ओळींत ‘या, बसा’ कसं म्हणावं?

अनघा_क: आमच्या शब्दसंग्रहाच्या गटात एका बाईंनी पहिल्यांदाच लिहिलं : ‘नमस्कार. मी सावंतवाडीकडची. आजी वाडीतल्या घरांच्या पुंजक्याला आवाठ म्हणायची.’ मी उत्तर दिलं, ‘आपले हार्दिक स्वागत. कृपया आपला परिचय व अधिक माहिती सविस्तर द्यावी.’ त्या गप्पच झाल्या. कुठला शब्द खटकला असेल?

जुनापाट्या: ‘द्यावी’. ‘चपला बाहेर काढाव्यात’ मधलाच तो. साधं ‘लिहा’ म्हणा. ‘सविस्तर’ही काढा, दहा मार्कांचा प्रश्न वाटतो.

रमेश५८: ‘जरूर लिहा’ म्हणा. किंवा ‘अवश्य’, तो आपला संस्कृत शब्द. ‘आवर्जून’ही चालेल, सगळ्यांचा अर्थ एकच.

जुनापाट्या: जरूर आणि अवश्य इथे जवळजवळ सारखेच, मूळ अरबी की संस्कृत यानं काही बिघडत नाही. ‘आवर्जून’ मात्र वेगळा. त्यात मुद्दाम वेळ काढणं आलं. लग्नाच्या आमंत्रणात ठीक, इथे ओझं होतं.

माई: स्वागतावरून आठवलं. माझी नात न्यू जर्सीत असते. तिला ‘थँक्यू’ म्हटलं की ती म्हणते, ‘स्वागत आहे!’ मी म्हणते, अगं, मी कुठे दारात उभी आहे? आपण ‘त्यात काय एवढं’ म्हणतो ना?

अनघा_क: माई, गोड आहे, पण माझा प्रश्न वेगळा होता :) ‘सवड झाली की लिहा’ कसं वाटतं?

जुनापाट्या: चांगलं. ‘वेळ मिळाल्यास’पेक्षा तर कितीतरी, ते अर्जातलं वाटतं. पण ‘की’ म्हटलं की तुम्ही धरूनच चालता की त्या लिहिणार. ‘आठवलं तर लिहा’ यातल्या ‘तर’मध्ये न लिहिण्यालाही जागा राहते. ‘लिहाल का?’ नरम वाटतं खरं, पण त्याला हो-नाही उत्तर द्यावंच लागतं. आणि ‘अधिक माहिती’ मागण्यापेक्षा त्यांच्याच शब्दातलं काहीतरी बारीकसं विचारा.

अनघा_क: मग हे बघा : ‘या, या! आवाठ हा शब्द किती दिवसांनी वाचला. आजी एकाच भावकीच्या घरांना तसं म्हणायची की शेजारच्या सगळ्याच? आठवलं तर लिहा.’

रमेश५८: ‘या, या’ फार सलगीचं नाही का? ओळख ना पाळख.

माई: आमच्याकडे पोस्टमनलाही ‘या’च म्हणतात.

रमेश५८: तो दारात असतो हो. लिहिताना मी ‘नमस्कार’च लिहीन.

जुनापाट्या: त्यांनी ‘नमस्कार’ लिहिलंय, तर परत ‘नमस्कार’ म्हणणं मलाही बरं वाटतं. पण ‘आपले’ नको, ‘तुमचं’ करा.

अनघा_क: ‘नमस्कार, या’ असं करून पाठवलं. ‘आणखी लिहा’ म्हणावं की ‘अजून लिहा’, यावर घरी भांडण चालू आहे. आई म्हणते, ‘अजून’ म्हणजे ‘अद्याप’.