बत्तीस बारांचा रेस्ट: हरवलेली मीनल मोजून परत येते, हे पटतं का?

सुमा_दादर

आमच्या वाचनगटात परवा एक कथा वाचली. लिहिणारी गटातलीच आहे, कथा अजून कुठे छापलेली नाही. माहीमच्या एका हौशी बँडमध्ये मीनल दुसरा ट्रॉम्बोन वाजवते. कार्यक्रमात तिला मध्येच रेस्ट आहे, म्हणजे चार ठोक्यांचा एक असे बत्तीस बार गप्प बसायचंय आणि तेहेतिसाव्याला शिरायचंय. क्लॅरिनेटची एक धून या रेस्टमध्ये दोनदा येते, नवव्या बारला आणि सतराव्याला, हे कथेत आधीच सांगितलंय. तेराव्याच्या आसपास पुढच्या रांगेत कोणाचा तरी फोन वाजतो आणि हिची मोजणी तुटते. कळीचा परिच्छेद लेखिकेला विचारून देते:

«तेरा की चौदा? काठी खाली आली. म्हणजे एक. पण कितवा एक? मीनलने मोजणं सोडून दिलं. क्लॅरिनेटवाल्याचे खांदे वर गेले, त्याने श्वास घेतला आणि धून सुरू झाली. तिने डाव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या तळच्या पेरावर टेकवला. एक दोन तीन चार. दोन दोन तीन चार. तीन दोन तीन चार. करंगळीच्या टोकाला सोळावा बार आला, तेव्हा ट्रॉम्बोन ओठांना लागलेला होता.»

यावरून गटात जुंपली. निम्म्यांना हे अगदी खरं वाटलं, उरलेल्यांच्या मते शेवट सोयीचा आहे. हरवलेली बाई मोजून सापडते का? वाजवणाऱ्यांनी सांगा.

तर्कट

नाही सापडत. मोजणीला सुरुवात लागते, आणि हिची तर सुरुवातच हरवलेली आहे. तेरा की चौदा हे माहीत नसेल तर पुढे कितीही मन लावून मोजा, चूक तेवढीच राहते. मीनलला वाचवलं ते क्लॅरिनेटने. तिने फक्त ऐकलं, आणि लेखिकेने श्रेय बोटांना दिलं. शिस्त, एकाग्रता वगैरे दाखवायचं होतं म्हणून पेरं आणली, असा माझा संशय आहे.

खारचा_गिटारवाला

एवढा कीस कशाला? समोर कंडक्टर उभा आहे ना. एन्ट्री आली की तो बोट दाखवतो. मान वर करायची आणि वाट बघायची. आमच्या बँडमध्ये तर ड्रमरने भुवई उचलली तरी पुरतं.

पितळी_काका

गिटारवाले, तुमचं अर्धं बरोबर आहे. कंडक्टरची काठी सरळ खाली आली की बारचा पहिला ठोका, एवढं हरवलेल्या माणसालाही कळतं. म्हणून मीनलला ‘एक’ दिसतोय. पण तो चौदाव्या बारचा एक की पंधराव्याचा, हे काठी सांगत नाही. आणि बोट दाखवण्याचं म्हणाल, तर त्याला एकाच वेळी पन्नास जणांकडे बघायचं असतं. क्लॅरिनेटला दाखवेल, पहिल्या ट्रॉम्बोनलाही दाखवेल. दुसऱ्या ट्रॉम्बोनच्या वाट्याला नजर आली तर नशीब.

मी पार्ल्याचा. चाळीस वर्षं ट्रॉम्बोन वाजवला, काही वर्षं सिनेमाच्या रेकॉर्डिंगला, बाकी हौशी बँडात. आमच्या वेळी सगळे एकदमच वाजवायचे. एकजण आठ बार आधी शिरला की टेक गेला आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे या विषयावर माझी झोप पुष्कळ उडालेली आहे.

तर्कट, तुम्ही म्हणता ते गणित खरं आहे, पण वाजवणारा एका मोजणीवर कधीच विसंबत नाही. तो खुणा लावून ठेवतो. लोकलमध्ये अंधेरीला जाताना डुलकी लागली आणि दचकून जाग आली, तर चर्चगेटपासून किती स्टेशनं झाली हे कोणी आठवत बसतं का? माहीमच्या खाडीचा वास आला की कळतं, आता बांद्रा, खार, सांताक्रूझ, पार्ले, अंधेरी. पाच. मीनलने हेच केलंय. चुकलेली मोजणी टाकून दिली, खुणेची वाट बघितली आणि खुणेपासून नव्याने मोजलं. खाडीचा वास स्लो गाडीतच उपयोगी, हे मात्र लक्षात ठेवा. फास्ट गाडीत तिथून अंधेरी दुसरंच स्टेशन. बँडातही असं होतं. लय वाढली की कंडक्टर बारला चार ठोके द्यायचे सोडून दोनच देतो. जो अजून काठीचे चार हात म्हणजे एक बार असं धरून बसलाय, त्याची मोजणी निम्म्यावर येते.

पथकातली_वेदिका

मला अगदी मीनलसारखंच झालं होतं! आमच्या ढोलताशा पथकात गेल्या वर्षी मिरवणुकीत मी थकले, दोन मिनिटं रेस्ट घेतला, पाणी प्यायले आणि परत आले तर पथकाचा हात, म्हणजे ठेका, भलताच चाललेला. मग ताशेवाल्याकडे बघून धरलं. मोजलं वगैरे काही नाही. मीनलने आधीच नीट विश्रांती घेतली असती तर एवढं घाबरायला झालं नसतं.

पितळी_काका

वेदिका, हा रेस्ट पाणी पिण्याचा नव्हे गं. पार्टवर, म्हणजे आपल्या वाद्याच्या नोटेशनच्या कागदावर, जाड आडवी रेघ असते आणि वर ३२ लिहिलेलं. तेवढे बार गप्प बसायचं, पण डोकं चालू ठेवून. तुमच्याकडे ताशा तोच हात पुन्हा पुन्हा देतो, त्यामुळे कुठूनही धरता येतं. इथे असं पुन्हा पुन्हा येणारं काही नसतं.

विलंबित

मी ख्याल शिकते, बँडमधलं कळत नाही. पण या कथेत मला एक खड्डा दिसतोय, आणि तो कोणी बोलून दाखवत नाहीये.

विलंबित एकतालात मी हरवते तेव्हा ठेक्यात ‘धागे तिरकिट’ शोधते, कारण तेवढाच तुकडा गर्दीतून उठून येतो. पण बारा मात्रांत तो दोनदा येतो. तिसऱ्या-चौथ्या मात्रेला एकदा आणि नवव्या-दहाव्याला पुन्हा. पहिल्यानंतर ‘तू ना’ येतं, दुसऱ्यानंतर ‘धिं ना’ आणि मग सम. नुसतं तिरकिट ऐकून मुखडा उचलला तर अर्धं आवर्तन आधी समेवर पोचलेली मी आणि समोर हसू दाबणारे तबलजी, असं दृश्य माझ्या क्लासने पाहिलेलं आहे. आता मी तिरकिटनंतरच्या बोलापर्यंत थांबते. मुखड्याला त्याने उशीर होतो, पण एक आवर्तन गेलं तरी चालतं.

मीनलची धूनही दोनदा येते. ऐकू आली ती पहिली की दुसरी? पहिली असेल तर तेहेतिसाव्यापर्यंत चोवीस बार मोजायचे, दुसरी असेल तर सोळा. ती थेट सोळा मोजायला लागते. कशावरून?

तर्कट

यात शंका कसली? तेरापर्यंत मोजलंय म्हणजे नववा बार होऊन गेला, पहिली धून वाजली. आता येणारी दुसरीच. ताई, तुम्ही उगाच गुंता करताय. माझा मुद्दा अजून तिथेच आहे: हे सगळं ऐकण्याचं काम आहे.

पितळी_काका

विलंबितताईंनी नेमकं धरलं. कागदावर तर्कट बरोबर आहेत. खुर्चीत बसलेल्या माणसाचं तसं होत नाही. मोजणी तुटली की आधीच्या आठवणीवरचाही विश्वास उडतो. ती धून आत्ता ऐकली की सकाळच्या रिहर्सलला, इथपर्यंत घोळ होतो. आणि चूक लहान नसते. लय मिनिटाला ९६ ठोक्यांची धरा. बत्तीस बार म्हणजे १२८ ठोके, ऐंशी सेकंद. आठ बारांची चूक म्हणजे वीस सेकंद. सगळे हळू वाजवत असताना वीस सेकंद आधी ट्रॉम्बोन निघाला तर पुढच्या रांगेतला फोनवालाही मान वर करतो.

म्हणून दोनदा येणाऱ्या खुणेत फरक शोधून ठेवायचा. ब्राम्सच्या पहिल्या सिम्फनीत ट्रॉम्बोनवाले तीन भाग, म्हणजे जवळजवळ अर्धा तास, नुसते बसून असतात. चौथ्या भागात एक धून आधी हॉर्नवर येते, मग तीच बासरीवर, आणि त्यानंतर ट्रॉम्बोन. हॉर्न ऐकून वाद्य उचलायचं, बासरी ऐकून ओठ ओले करायचे. धून एकच, पण वाद्य बदललं की तुम्ही कुठे आहात ते कळतं. हे पार्टमध्ये दरवेळी छापलेलं नसतं. रिहर्सलला ऐकायचं आणि रेघेच्या वर पेन्सिलीने लिहायचं. मी बत्तीसच्या रेघेखाली आठ-आठचे चार तुकडे पाडतो आणि प्रत्येकावर एक शब्द लिहितो, ‘क्लॅ’, ‘क्लॅ + बा’ असं.

तर्कट, तुमच्या मुद्द्याचं सांगतो. धून सुरू झाल्यावर अजून सोळा बार आहेत, चाळीस सेकंद. त्या चाळीस सेकंदांत दुसरी खूण नसेल तर कान काय करणार? तिथे बोटंच लागतात. ट्रॉम्बोन मांडीवर टेकलेला असतो, डावा हात मोकळा. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं आणि एक टोक, झाले सोळा. लेखिकेने स्वतः वाजवलंय किंवा वाजवणाऱ्याला निरखलंय.

तर्कट

सोळा बारांचं मान्य. ‘मोजून परत आली’ हे मान्य नाही. परत आली ऐकून, मोजलं ते फक्त दारापर्यंत चालत जायला.

खारचा_गिटारवाला

शेजारच्या ट्रॉम्बोनवाल्याने वाद्य उचललं की आपणही उचलायचं, हे कोणालाच कसं सुचलं नाही?

पितळी_काका

सुचतं, सगळेच करतात. आणि एकदा आम्ही तिघेही एकमेकांकडे बघत बसलो होतो.

सुमा_दादर

😄 काका! लेखिकेला फोन केला होता. विलंबितताईंचा प्रश्न ऐकून ती आधी गप्पच झाली. पहिल्या खर्ड्यात वाक्य होतं: «मघाचीच धून, पण आता वर बासरी होती.» गटातल्या एकाने ‘फार तांत्रिक होतंय’ म्हटलं म्हणून तिने ते काढलं. तो एक मीच. आता ती ते परत घालतेय. शेवटाबद्दल मात्र ती अडली आहे. मीनल तेहेतिसाव्याला शिरते ते शंभर टक्के खात्रीने, की धडधडत? काका, तुम्ही असता तर?

पितळी_काका

बासरी नक्की ऐकली असेल तर शिरलो असतो. जरा जरी शंका असती तर तो तुकडा सोडून दिला असता, ओठांना ट्रॉम्बोन लावून नुसते गाल फुगवले असते आणि पुढच्या ठळक जागेला शिरलो असतो. दुसरा ट्रॉम्बोन आठ बार गप्प राहिला तर फक्त शेजाऱ्याला कळतं. नको तिथे वाजला तर सगळ्या हॉलला.

तर्कट

मग तशीच कथा लिहा की. ती वाजवतच नाही, आणि कोणाला कळत नाही. मला ती जास्त पटेल.

विलंबित

मला नाही पटणार. चाळीस सेकंद पेरं मोजून गाल फुगवायचे? सुमाताई, बासरी घाला आणि तिला शिरू द्या. पहिला सूर जरा हलला तर हलू दे.

सुमा_दादर

दोन्ही मतं तिला पाठवली आहेत. तिने उलट विचारलंय: काका, गाल फुगवताना ट्रॉम्बोनची नळी पण हलवायची का?

पितळी_काका

हलवायची. पहिल्या ट्रॉम्बोनकडे बघून, त्याच्या किंचित मागून.