मागणी दुप्पट झाली, तरी मक्तेदार भाव का वाढवत नाही?

निनाद: मागणीची लवचिकता, म्हणजे भाव एक टक्का वाढला की विक्री साधारण किती टक्के घटते ते, स्थिर असेल तर मक्तेदाराची किंमत मागणी किती मोठी आहे यावर ठरत नाही, असं वाचलं. पटत नाही. गिऱ्हाईक दुप्पट झालं तर हातची संधी कोण सोडेल?

वसुधा: आकडे घालून बघा. लवचिकता 2, नगामागे खर्च 50. विक्री म्हणजे 10,00,000 भागिले किमतीचा वर्ग. किंमत 100 ठेवली तर 100 नग खपतात, नफा 5000. 125 केली तर 64 नग, नफा 4800. 80 ला उतरलात तर साधारण 156 नग, नफा 4700 च्या आत. आता 10 लाखांचे 20 लाख करा. तिन्ही नफे दुप्पट होतात, पण त्यांचा क्रम हलत नाही. मागणीचा आकार नफ्याला नुसता गुणतो, त्यामुळे वाढीव गिऱ्हाईक नफा वाढवतं, भाव नाही.

तात्या: थोडक्यात, मक्तेदार मागणीकडे बघतच नाही. खर्चावर ठरावीक टक्के चढवतो आणि मोकळा होतो.

वसुधा: अर्धं बरोबर. ते टक्के मागणीतूनच येतात, फक्त तिच्या आकारातून नव्हे, लवचिकतेतून. किंमत म्हणजे खर्च गुणिले लवचिकता भागिले (लवचिकता उणे 1). लवचिकता 2 असेल तर खर्चाच्या दुप्पट, 3 असेल तर दीडपट. 1 किंवा त्याखाली गेली की सूत्र कोलमडतं, कारण मग भाव चढवत राहिलं तरी नफा वाढतच जातो. आणखी एक गंमत: लवचिकता 2 असताना खर्च 10 ने वाढला तर किंमत 20 ने वाढते. गिऱ्हाईकावर खर्चवाढीपेक्षा जास्त बोजा!

मीनल: मी ऑनलाइन वर्ग घेते. परीक्षा जवळ आली की चौपट मुलं येतात आणि मी फी वाढवते. मग मी चुकते का?

वसुधा: तुमच्या जागा मर्यादित असतील ना? वरच्याच उदाहरणात 100 च जागा आहेत असं धरा. मागणी चौपट झाली की 100 या किमतीला 400 जण रांगेत. तेवढ्याच जागा भरायच्या तर किंमत 200 वर जाते. पुढच्या नगाचा खर्च स्थिर राहणं ही या निष्कर्षाची अट आहे, आणि तुमच्याकडे तीच मोडते.

मीनल: जागा नाहीत हो मर्यादित, वर्ग रेकॉर्ड केलेले आहेत. परीक्षेच्या तोंडावर मुलं घासाघीस करत नाहीत, एवढंच.

वसुधा: मग त्या काळात लवचिकताच घटते. गर्दी हे कारण नव्हे.

निनाद: हाच तर माझा आक्षेप! गर्दी आणि निकड एकत्रच येतात. सरळ रेषेच्या मागणीत तर मागणी नुसती वर सरकली तरी भाव चढतो. लवचिकता जागची हलत नाही हे गृहीत धरायला आधार काय?

वसुधा: आधी तपासायचं. किंमत आणि विक्री दोन्हींचे लॉग घेऊन आलेख काढा. हंगामातली आणि एरवीची रेषा समांतर निघाली तर मागणी फक्त आकाराने वाढली. हंगामातली विक्री भावाने कमी हलत असेल, तर निनादचं बरोबर.

तात्या: आणि मीनलताईंनी हंगामात एकच फी ठेवली असेल, तर रेषा कुठून काढायची?