अनुभव धागा: रिफंड, आहेर, ओवाळणी... अवचित पैसा आला की तुमच्या घरी त्याचं काय होतं?

मांजराकाठ (लातूर)

लातुरात मी शिक्षक, ग्रामसेवक, बँक कर्मचारी अशांची आयकर विवरणपत्रं भरून देते. रिफंड जमा झाल्याचा मेसेज आला की फोन येतो, "ताई, पैसे आले!" एरवी हजाराच्या खर्चाला चारदा विचार करणारी माणसं त्या दिवशी फ्रिजचं मॉडेल ठरवून बसलेली असतात. पगाराचा पैसा घामाचा आणि रिफंडचा फुकटचा, असे दोन कप्पे आपण मनात केलेले असतात. रुपया मात्र तोच असतो.

एक उदाहरण सांगते, २०२४ च्या जुलैतलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक सर. त्यांनी करासाठी जुनी पद्धत निवडली होती. गृहकर्जावर वर्षाला १,६५,००० रुपये व्याज भरलेलं, पण बँकेचं प्रमाणपत्र कार्यालयात वेळेवर पोचलं नाही. त्यामुळे व्याजाची वजावट न धरताच वर्षभर कर कापला गेला. ते २० टक्क्यांच्या टप्प्यात. सेस धरून २०.८ टक्के, म्हणजे ३४,३२० रुपये जास्तीचे गेले. महिन्याला २,८६० रुपये. ऑगस्टमध्ये ते परत आले, वर साडेआठशेच्या आसपास व्याज. घरात तोवर ५८ हजारांच्या फ्रिजची बोलणी सुरू होती: रिफंड डाउन पेमेंटला, बाकी हप्त्यानं. जुना फ्रिज चालू होता.

सरांना मी जे सांगितलं तेच आता सगळ्यांना सांगते. पैसा यायच्या आधी वाटणी ठरवायची आणि आला त्या दिवशी हलवायचा. दहातले दोन मोकळे, हवे तसे खर्चा. आठ बाजूला. सोनेतारण, क्रेडिट कार्ड असलं महागडं कर्ज असेल तर ते आठ आधी तिकडे. सरांनी ७ हजारांत घरच्यांना कपडे केले आणि २८ हजार मुलीच्या अकरावीच्या क्लाससाठी ठेवले. पुढच्या जूनला क्लासच्या फीसाठी पतसंस्थेत जावं लागलं नाही.

आणखी एक करा. आयकर पोर्टलवर प्रोफाइलमध्ये तुमच्या बँक खात्यांची यादी असते. तुम्ही निवडाल त्याच खात्यात रिफंड येतो. त्यासाठी वेगळं बचत खातं ठेवा. नाव पॅनवर आहे तसंच हवं, खातं आधी व्हॅलिडेट झालेलं हवं. त्याला यूपीआय जोडू नका, एटीएम कार्ड घेऊ नका. विवरणपत्र भरताना कोणत्या खात्यावर खूण आहे तेही बघा. पैसा रोजच्या खात्यात आलाच नाही तर निम्मं काम झालं.

तुमचे अनुभव लिहा. फसलेलेही चालतील.

वाळूजवाला (छत्रपती संभाजीनगर)

ताई, माझा रिफंड ११ हजार २०० होता. त्या जिवावर २९ हजारांचा मोबाइल घेतला. उरलेल्याचा हप्ता महिन्याला दीड हजार, वर्षभर. शेवटचा हप्ता गेला तेव्हा स्क्रीनला तडा होता. ११ हजार आले नसते तर मी जुनाच फोन वापरत राहिलो असतो. म्हणजे पैसे आल्यामुळे मी उलट कर्जात गेलो. हे असं सगळ्यांचं होतं का?

गोदाकाठचा मास्तर (नांदेड)

होतं, आणि ते मोजलेलंही आहे. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. मनातल्या या कप्प्यांवर रिचर्ड थेलर यांनी १९८० च्या दशकापासून काम केलं. २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. त्यांनी एका जुन्या अभ्यासाचा दाखला दिला आहे. इस्रायलमधल्या कुटुंबांना जर्मनीकडून नुकसानभरपाई मिळाली होती. ज्यांना उत्पन्नाच्या मानानं मोठी रक्कम मिळाली, त्यांनी बरीचशी राखून ठेवली. ज्यांना लहान मिळाली, त्यांनी मिळालेल्या रुपयामागं जवळजवळ दोन रुपये खर्च केले. मोठी रक्कम आली की माणूस तिला ठेव समजतो. लहान रक्कम खिशातली वाटते, आणि ती पुढच्या मोठ्या खरेदीचं निमित्त होते. वाळूजवाले दादा, तुमचे ११ हजार नेमके असे गेले. म्हणून ताईंचा नियम लाखाच्या रकमेपेक्षा दहा-पंधरा हजारांना जास्त लागू आहे.

सोयाबीन_औसा

आमच्याकडं पीक विम्याचे १९ हजार आले. गावात सगळे म्हणले, सरकारनं पैसे वाटले. कसले वाटले? काढणीला आलेल्या सोयाबीनच्या शेंगा पावसानं काळ्या पडल्या, त्याचे हे पैसे. कृषी सेवा केंद्राची उधारीच २६ हजार होती. सगळे तिकडं भरले, वरचे ७ हजार राहिलेच. याला दहातले आठ, दहातले दोन काय लावता?

मास्तरांचं ते लहान-मोठ्याचं मात्र पटलं. पीएम किसानचा २ हजारांचा हप्ता येतो ना, वर्षातून तीनदा, तो कुठं जातो मला आजवर कळलं नाही. बाजारच्या दिवशी आला की संध्याकाळपर्यंत संपला. विम्याचे १९ हजार मी मोजून नेऊन दिले, आणि ६ हजारांचा वर्षाकाठी पत्ता नाही.

मांजराकाठ (लातूर)

भाऊ, तुमचं बरोबर आहे. विम्याचा पैसा हा झालेल्या नुकसानीचा पैसा, त्याला माझा नियम लावू नका. उधारी आधी, हेच खरं. २ हजारांच्या हप्त्याला मात्र लावून बघा. तो ज्या खात्यात येतो त्यातून त्याच दिवशी सोळाशे पोस्टात टाकले तर वर्षाला ४,८०० होतात. बियाण्याच्या बॅगेला उधारी कमी लागेल.

जिंतूरच्या काकू (परभणी)

आहेराचं कोणी बोललं नाही म्हणून मी लिहिते. आहेराचा पैसा फुकटचा नसतो, लेकरांनो. तो उसना असतो.

माझ्याकडे लाल कापडी बांधणीची वही आहे, सासूबाईंच्या हातची सुरू झालेली. डाव्या पानावर आपल्याकडे आलेला आहेर, उजव्या पानावर आपण नेलेला. डावीकडे लिहिलंय, "५०१ व टोपी-टॉवेल". पुढं त्यांच्या थोरलीच्या लग्नात उजवीकडे, "११०१ व साडी". आला तेवढाच परत न्यायचा नाही, वाढवून न्यायचा, अशी आमच्याकडची रीत. थोरल्याच्या लग्नात पाकिटं मिळून एक लाख बारा हजार जमले. रात्री पाकिटं फोडायला बसलो तर पोरं म्हणाली, आई, एसी घेऊ. मी वही पुढं ठेवली. ज्यांची पाकिटं होती त्यांतल्या कितीजणांकडे येत्या तीन-चार वर्षांत लग्न आहे ते मोजलं. वाढवून धरलं तर साठ हजारांच्या वर जात होते.

मग साठ हजारांची एफडी केली, वेगवेगळ्या पावत्या करून, म्हणजे लागेल तशी एकेक मोडता येईल. मांडववाल्याचं राहिलेलं दिलं, उरलेले सून-मुलाला दिले. आता लग्नसराईत आहेरासाठी घरखर्चातून काढावं लागत नाही. पावती मोडायची, पाकिटात घालायचं, वहीत लिहायचं.

मांजराकाठ (लातूर)

काकू, हा मुद्दा माझ्या नियमात नव्हता. आहेर आला की आधी वही, मग वाटणी. मी स्वतः आता असंच सांगणार.

हिशोबी (नांदेड)

नियम छान आहे, फक्त टॅक्सचं लक्षात ठेवा. ५० हजारांपर्यंत भेटीवर टॅक्स नाही, त्याच्या वर जेवढं जाईल तेवढ्यावर लागतो. काकू, तुमच्या एक लाख बारा हजारांतले ६२ हजार दाखवायला पाहिजे होते. आणि रिफंड हा आपलाच पैसा असल्यामुळे त्यातलं काहीच दाखवावं लागत नाही.

मांजराकाठ (लातूर)

दादा, अर्धं बरोबर, पण काकूंना उगाच घोर नको. लग्नानिमित्त नवरा-नवरीला आलेल्या भेटींवर कर नाही, रक्कम कितीही असो. कायद्यात जे नातेवाईक धरलेत, आईवडील, भाऊबहीण, मामा, काका वगैरे, त्यांच्याकडून एरवी आलेल्यावरही नाही. बाकीच्यांकडून वर्षात मिळून ५० हजारांच्या वर आले, तर फक्त वरच्या भागावर नाही, सगळ्याच रकमेवर लागतो.

रिफंडचं म्हणाल तर मूळ रक्कम दाखवायची नाही हे खरं. पण त्यावर सरकारनं दिलेलं व्याज हे उत्पन्न आहे. वर सांगितलेल्या सरांचे ते साडेआठशे पुढच्या विवरणपत्रात 'इतर उत्पन्न' म्हणून आम्ही दाखवले.

अंबाजोगाई_९

माझा रिफंड आलाच नाही अजून. जुलैत भरलंय. कुठे तक्रार करायची? इथे सगळ्यांचे आलेत वाटतं.

मांजराकाठ (लातूर)

आधी बघा, ई-व्हेरिफाय केलंय का? भरल्यापासून ३० दिवसांत करावं लागतं, नाहीतर विवरणपत्र पुढं सरकतच नाही. केलं असेल तर खातं व्हॅलिडेट झालेलं आहे का ते तपासा. बँका विलीन होऊन आयएफएससी बदललेला असतो, तिथेही अडकतं. आणि तोवर वाटणी ठरवून ठेवा.

चिकलठाणा_इंजि (छत्रपती संभाजीनगर)

मला मुळात रिफंड येणंच चूक वाटतं. सरांचे महिन्याला २,८६० वर्षभर सरकारकडे पडून राहिले. सरकार अर्धा टक्का महिना व्याज देतं, पण ते वर्ष संपल्यावर एप्रिलपासून. आधीच्या बारा महिन्यांचं काही नाही. त्यापेक्षा कागद वेळेवर कार्यालयात द्या, पगार पूर्ण घ्या आणि पगाराच्या दिवशीच तेवढ्याची आरडी कापली जाईल असं करा. शिवाय २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करच नाही. बऱ्याच जणांचा रिफंड असाही बंद होईल.

मांजराकाठ (लातूर)

हिशोबानं तुमचं बरोबर. पण मी पाहिलंय ते वेगळं. २,८६० जर दर महिन्याला हातात आले असते तर सरांकडे ऑगस्टमध्ये ३४ हजार दिसले नसते. आरडी सुरू करतो म्हणणारे पुष्कळ, प्रत्यक्षात करणारे थोडे. ज्याची आरडी खरोखर चालू आहे त्यानं तुमचं ऐकावं.

सिस्टर_जालना

माझी गोष्ट थोडी वेगळी आहे. मी एका खासगी दवाखान्यात कंत्राटावर नर्स आहे. महिना २२ हजार. दवाखाना पगार न म्हणता व्यावसायिक फी म्हणून देतो आणि १० टक्के कापतो. म्हणजे वर्षाला २६,४०० जातात. कर मला शून्य, त्यामुळे सगळे परत येतात. इंजिनिअर दादा म्हणतात तसे कागद द्यायची सोय मला नाही, मी विचारून पाहिलं. आणि पैसे कधी पाच तारखेला मिळतात, कधी वीसला. आरडीचा हप्ता चुकला की दंड लागतो.

मला तो रिफंडच बरा पडतो. दोन वर्षं सगळाच्या सगळा आईच्या गुडघ्यासाठी ठेवतेय, दहातले दोनसुद्धा घेतले नाहीत. ते चालतं का?

मांजराकाठ (लातूर)

सिस्टर, चालतं की. पण थोडे तरी स्वतःसाठी काढा, कारण अगदी काहीच न घेणारी माणसं तिसऱ्या-चौथ्या वर्षी एकदम सगळं मोडताना मी बघितली आहेत.

कपात कमी करण्यासाठी आयकर अधिकाऱ्याकडे अर्ज करून दाखला घेता येतो. तो दरवर्षी नव्यानं काढावा लागतो, आणि दवाखान्यानं तो मानून कपात थांबवायला हवी. २६ हजारांसाठी तेवढी धावपळ करावी की नाही, हे तुम्ही ठरवा. कोणी कंत्राटी कर्मचाऱ्यानं असा दाखला काढला असेल तर इथे लिहा, मलाही हवंय.

चिकलठाणा_इंजि (छत्रपती संभाजीनगर)

सिस्टर, तुमच्या बाबतीत माझा सल्ला लागू नाही, मान्य. बाकीच्यांसाठी मी अजूनही आरडीच म्हणेन.