फेसबुक पेजच्या कव्हरवर रांगेतल्या टोकाच्या मुली मोबाइलवर दिसत नाहीत, फोटो कसा कापावा?

झांजवाली
नमस्कार मंडळी. आमच्या ढोल-ताशा पथकाच्या फेसबुक पेजचं कव्हर बदललं. सरावानंतर मोबाइलने काढलेला फोटो आहे, ४००० × ३००० पिक्सेल. सगळे एका रांगेत आणि दोन्ही टोकांना ध्वज घेतलेल्या दोघी. कॉम्प्युटरवर छान दिसतो, मोबाइलवर मात्र त्या दोघी गायब! त्यातली एक यंदा पहिल्यांदाच ध्वज घेणार आहे, तिला फार वाईट वाटलं. मलाही. काय करू?

सुहास_डी
८५१ × ३१५ करून टाका ताई. फेसबुकनेच दिलेलं माप आहे, काही कापलं जाणार नाही.

खिळेजुळणी
सुहास, ते माप फेसबुकचंच आहे, पण ते फोटो लवकर उघडावा म्हणून. कापाकापी त्याने थांबत नाही. कॉम्प्युटरवर कव्हरची चौकट ८२० × ३१२ असते आणि मोबाइलवर ६४० × ३६०. मोबाइलची चौकट जास्त उभट, त्यामुळे उंची भरून काढायला फोटो मोठा होतो आणि बाजू बाहेर जातात. ८२० × ३१२ चा फोटो चढवला तर मोबाइलवर रुंदीतले मधले ५५५ च उरतात. प्रत्येक बाजूचे १३२ गेले. ताई, तुमच्या ध्वजवाल्या नेमक्या तिथे उभ्या आहेत.

म्हणून दोन्ही चौकटी पोटात घेणारा कागद घ्या: १६४० × ७२०. मोबाइलवर त्याच्या डाव्या-उजव्या बाजूचे १८०-१८० जातात, कॉम्प्युटरवर वरचे-खालचे ४८-४८. मधला १२८० × ६२४ चा भाग दोन्हीकडे शाबूत राहतो. माणसं, ध्वज, नाव, सगळं त्यात बसवा.

तुमच्या फोटोत रांग किती रुंद आहे?

मसालेवाली_काकू
माझ्या यूट्यूब चॅनेलचंही असंच झालं होतं. तिथे २०४८ × ११५२ चं चित्र चढवलं, पण अक्षरं मधल्या १२३५ × ३३८ च्या पट्टीतच ठेवावी लागली. बाकीचं चित्र टीव्हीवर दिसतं. तेच माप घे की.

खिळेजुळणी
काकू, यूट्यूबसाठी अगदी बरोबर, पण ती पट्टी फेसबुकपेक्षा खूपच चपटी आहे. तिच्यात रांग बसवली तर माणसं मुंग्यांएवढी दिसतील.

झांजवाली
मोजली. एका ध्वजापासून दुसऱ्यापर्यंत ३७०० पिक्सेल. पायांपासून ध्वजाच्या टोकापर्यंत उंची १७००.

खिळेजुळणी
मग अडचण फोटोतच आहे. रांग कागदाच्या ७८ टक्के रुंदीत मावायला हवी, म्हणजे ३७०० साठी कागद साधारण ४७४४ रुंद लागेल. तुमच्याकडे ४००० आहेत. दोन्ही बाजूंना ३७२ पिक्सेलच्या पट्ट्या जोडाव्या लागतील. त्या रुंदीला उंची २०८३ होते. वरून-खालून प्रत्येकी १३९ सोडले तरी १८०५ उरतात, म्हणजे ध्वजाची टोकं वाचतात, पण जेमतेम. पायाखालची जमीन फार कापू नका. कॉम्प्युटरवर प्रोफाइलचा गोल खालच्या डाव्या कडेवर चढतो, तिथे कुणाचे पाय नकोत.

पट्ट्यांना मैदानाचाच रंग द्या. चढवण्याआधी मोबाइलच्या गॅलरीत एका प्रतीला १६:९ मध्ये मधोमध कापून बघा. त्यात दोघी दिसल्या तर मोबाइलवरही दिसतील.

सुहास_डी
एवढं करण्यापेक्षा चढवल्यावर फोटो बोटाने सरकवून बसवता येतो ना?

खिळेजुळणी
वर-खाली सरकवलेलं कॉम्प्युटरवर उपयोगी पडतं. मोबाइलवर उंची आधीच पूर्ण भरलेली असते, त्यामुळे बाजूला गेलेलं सरकवून परत येत नाही.

झांजवाली
आणि प्रोफाइलचा गोल? आमचं बोधचिन्ह चौकोनी आहे, पथकाचं नाव अगदी खालच्या कडेला.

खिळेजुळणी
१००० × १००० च्या चौकोनात ८०० रुंद आणि ६०० उंच असा आडवा आयत मधोमध ठेवला, तर त्याचे कोपरे गोलाला नेमके टेकतात. त्यापेक्षा थोडं लहानच ठेवा. कडेला लागून असलेली ओळ दोन्ही टोकांना कापली जातेच. माझं मत विचाराल तर नाव गोलातून काढा आणि नुसता ढोल ठेवा. कमेंटशेजारी तो गोल एवढा बारीक होतो की मात्रा-वेलांट्या एकमेकींत मिसळतात.

मसालेवाली_काकू
मला नाही पटत. नावाशिवाय लोक ओळखणार कसे? माझ्या गोलात नाव आहे, गिऱ्हाईक त्यावरूनच येतं.

खिळेजुळणी
काकू, तुमचं नाव दोन अक्षरांचं असेल तर वाचता येतं. यांचं किती लांब आहे ते कळायला हवं.

झांजवाली
नऊ अक्षरं आणि वर 'ढोल-ताशा पथक'. ते बघते. कव्हर करून चढवलं. माझ्या आणि दोन मैत्रिणींच्या फोनवर दोघी दिसताहेत, ध्वजासकट! कॉम्प्युटरवर मात्र पट्ट्या जोडलेल्या कळतात, मातीचा रंग एका बाजूला उजळ आहे.

खिळेजुळणी
ऊन एका बाजूने पडलं असणार. डाव्या पट्टीला डाव्या कडेचा रंग, उजवीला उजव्या. तरीही जोड दिसला तर रविवारच्या सरावाला फोटो पुन्हा काढा. काढणाऱ्याला चार-पाच पावलं मागे जायला सांगा, दोन्ही ध्वजांबाहेर मोकळं मैदान दिसेपर्यंत.